‘चला’ म्हणजे ‘चलो’ नाही, आणि ‘स्वधर्म’ म्हणजे?

आमच्या इंदूरला रामबागेकडच्या एका मंडळात दरवर्षी ज्ञानेश्वरीचं सामूहिक वाचन होतं, शेवटच्या दिवशी पसायदान होतं आणि मग पोहे, त्यावर शेव आणि जीरावन, आणि जिलेबी तर हवीच. यंदा कुणीतरी सुचवलं की नव्या पिढीला काही कळत नाही, घरात हिंदी, शाळेत इंग्रजी, तर पसायदान आणि त्याचा सोप्या मराठीत अर्थ असं एक पानी पॅम्फ्लेट छापू या. नऊ ओव्यांचं काम, संध्याकाळभरात होईल असं सगळ्यांना वाटलं. तीन मीटिंगा झाल्या तरी होईना, कारण गाडी तिसऱ्या ओवीवर अडकली.

दुरिताचें तिमिर जावो । विश्व स्वधर्म सूर्यें पाहो । जो जें वांच्छील तो तें लाहो । प्राणिजात ॥

‘स्वधर्म’ला काय लिहायचं? एक काका, आयुष्यभर संस्कृत शिकवलेलं, ते म्हणाले, स्वधर्म म्हणजे आपल्या वाट्याला आलेलं वर्णाश्रमाचं कर्तव्य, तेराव्या शतकात दुसरा अर्थ नव्हताच, आवडो न आवडो तेच छापा. कमिटीतली सगळ्यात तरुण मुलगी, आर्किटेक्ट आहे, ती म्हणाली असं असेल तर हे मी माझ्या मुलांना म्हणायला लावणार नाही, ‘मानवधर्म’ लिहा, माउलींना तेच म्हणायचं होतं. तिसऱ्या एकांचं म्हणणं, इतकं काय, स्वधर्म म्हणजे आपापला धर्म, हिंदूने हिंदू, ख्रिश्चनाने ख्रिश्चन राहावं, सर्वधर्मसमभाव झाला, विषय संपला.

मी एमएला तत्त्वज्ञान घेतलं होतं, आता बँकेत आहे, त्यामुळे एरवी माझ्या डिग्रीचा मंडळाला काही उपयोग नसतो. पण हा वाद चालू असताना मला राहूनराहून गाडामर आठवत होता. हान्स-गेओर्ग गाडामर, जर्मन तत्त्वज्ञ, जन्म 1900, गेला 2002 मध्ये. त्याचं मुख्य पुस्तक 1960 चं, आणि त्यातला मोठा प्रश्न हाच की लांबच्या काळातला मजकूर आपण वाचतो तेव्हा नक्की काय घडतं. काका आणि ती मुलगी दोघंही त्याच्या मते एकाच चुकीच्या दोन टोकांना उभे होते, आणि माझं मतही तेच आहे. पण ते स्वधर्मावरून एकदम सांगितलं की लोक तापतात, म्हणून आधी एका निरुपद्रवी शब्दावरून सांगते.

माझी मुलगी सहावीत आहे. पॅम्फ्लेटचा मसुदा घरी आणला होता तो तिने वाचला आणि विचारलं, “आई, चला कल्पतरूंचे आरव म्हणजे चलो ना? पण कहाँ?” मी हसले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी स्वतः तिच्या वयाची असताना, आणि नंतरही बरीच वर्षं, हेच समजत होते. चला, म्हणजे चला सगळे, कल्पतरूंकडे. आणि आरव म्हणजे आवाज, कारण संस्कृतात आरव म्हणजे आवाज. कल्पतरूंच्या पानांची सळसळ ऐकायला चला, असं काहीतरी सुंदर, धूसर चित्र डोक्यात होतं आणि चाल इतकी गोड की कधी शंकाच आली नाही.

आता ती ओवी नीट बघा.

चला कल्पतरूंचे आरव । चेतना चिंतामणींचें गाव । बोलते जे अर्णव । पीयूषाचे ॥

तिसऱ्या तुकड्यापासून सुरुवात करू, कारण तिथे गैरसमज व्हायला जागा नाही. बोलते अर्णव, म्हणजे बोलणारे समुद्र, अमृताचे. समुद्र बोलत नाही, हे बोलतात. आता मागे जा. चेतना चिंतामणींचे गाव. आपण ‘चेतना’ हे नाम समजून बसतो, पण चिंतामणी हा दगड आहे, इच्छा पुरवणारा असला तरी दगडच, आणि बोलणाऱ्या समुद्राच्या शेजारी ठेवला की दिसतं की इथे ‘चेतन’, जिवंत, असं विशेषण आहे, जिवंत चिंतामण्यांचं गाव. मग पहिला तुकडा आपोआप वळतो. झाडाचं काय वैशिष्ट्य? ते जागचं हलत नाही. तर ‘चला’ म्हणजे चल, चालणारे. अभ्यासक सांगतात की आरव हे संस्कृत ‘आराम’वरून, आराम म्हणजे बाग, जसं ग्रामचं गाव झालं आणि नामचं नाव झालं तसं. मजा म्हणजे ‘गाव’ त्याच ओवीत पुढच्याच तुकड्यात बसलंय. चालत्या कल्पवृक्षांच्या बागा, जिवंत चिंतामण्यांची गावं, बोलते अमृताचे सागर. तिन्ही तुकडे एकाच साच्यातले, प्रत्येकात जी गोष्ट देणारी आहे पण अचल, अचेतन किंवा मुकी आहे तिला नेमकं तेवढंच दिलंय जे तिच्यात कमी होतं.

बरं, पण हे कोण? झाडं, दगड, समुद्र यांचं वर्णन कशासाठी? ते या ओवीत कळतच नाही. त्यात नुसता ‘जे’ आहे, त्याचा ‘ते’ पुढच्या ओवीत येतो: चंद्रमे जे अलांछन, मार्तंड जे तापहीन, ते सर्वांही सदा सज्जन सोयरे होतु. म्हणजे डाग नसलेला चंद्र, ताप नसलेला सूर्य, चालतं झाड, बोलता समुद्र, हे सगळे सज्जन, आदल्या ओवीतली ईश्वरनिष्ठांची मांदियाळी, आणि ते सगळ्यांचे नातेवाईक होवोत एवढंच मागणं आहे. तुम्ही पुढच्या ओवीत गेल्याशिवाय पहिल्या शब्दाचा अर्थ लागत नाही, आणि पहिला शब्द लागल्याशिवाय दोन्ही ओव्या नुसत्या गोड वाटतात.

याला म्हणतात अर्थनिर्णयाचं वर्तुळ, हर्मेन्यूटिक सर्कल. भाग कळायला अख्खं कळावं लागतं आणि अख्खं कळायला भाग कळावे लागतात. तर्कशास्त्रात हा दोष झाला असता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्लायरमाखर या जर्मन विचारवंताने याला वाचनाची पद्धत म्हणून मांडलं, पुढे गाडामरचा गुरू हायडेगर 1927 मध्ये म्हणाला की वर्तुळातून बाहेर पडायची धडपड करू नका, त्यात नीट शिरा. गाडामरने उदाहरण अगदी शाळेतलं दिलंय, जुनी भाषा शिकताना आपण वाक्याचा अर्थ लागायच्या आधीच एक अंदाज बांधतो आणि मग शब्द तो अंदाज मोडतात म्हणून तो बदलतो. माझ्या मुलीने अगदी हेच केलं. ‘चला’ हा तिचा अंदाज, ‘कहाँ?’ ही अंदाजाला लागलेली ठेच.

माझ्या दृष्टीने इथे महत्त्वाचं काय, तर ती ठेच. मी तीसेक वर्षं पसायदान म्हणत होते आणि मला लागली नाही, कारण माझ्या कानात चाल आधीच बसलेली होती, आणि नऊ ओव्या नऊ हजारांपासून तोडून घेऊन कार्यक्रमाच्या शेवटी उभं राहून म्हणायची प्रार्थना, असंच ते मला मिळालं होतं. गाडामर याला परिणामांचा इतिहास म्हणतो, म्हणजे मजकूर आपल्याकडे कोरा येत नाही, मधल्या सगळ्या वाचणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी, छापणाऱ्यांनी त्याचं जे केलं ते घेऊन येतो. आणि आपणही कोरे नसतो. आपल्याकडे पूर्वग्रह असतात, आणि हा शब्द गाडामरने मुद्दाम शिवी म्हणून वापरलेला नाही. त्याने दाखवलं की जर्मन कायद्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ अंतिम निकालाआधीचा तात्पुरता निर्णय असा होता. मराठीतही शब्द फोडला तर पूर्व आणि ग्रह, आधीच धरलेलं, इतकंच. धरल्याशिवाय काही वाचताच येत नाही. प्रश्न असतो तो सोडायची तयारी आहे का हा.

आता स्वधर्मावर येते. इथे मी कमिटीत जे केलं ते अगदी साधं आहे, कुणीही करू शकतो. प्रत्येक अर्थ घ्यायचा, स्वधर्माच्या जागी ठेवायचा, आणि मग ग्रंथात तोच शब्द दुसरीकडे आलाय तिथे ठेवून बघायचा, मोडतो का.

आधी ‘आपापला धर्म’, म्हणजे फॉर्मवर ‘धर्म’ म्हणून जो रकाना असतो तो. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लवकर मोडणारा. तिसऱ्या अध्यायात ज्ञानदेव म्हणतात, स्वधर्मु जो बापा । तोचि नित्ययज्ञु जाण पां । स्वधर्म म्हणजे रोजचा यज्ञ, आणि पुढे सांगतात की तसं वागलं की पापाला शिरकाव नाही. म्हणजे ही करायची गोष्ट आहे, असायची नाही. रकान्यातला धर्म तुम्ही झोपेतही असता. मुळात धर्म म्हणजे एक समाज, एक संस्थापक, एक पुस्तक असा जो आपला आजचा अर्थ आहे तो इंग्रजी राज्यात पक्का झाला. 1290 मध्ये नेवाशाला बसून ‘स्वधर्म’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात तो रकानाच नव्हता. सर्वधर्मसमभाव चांगला आहे, मला हवाच आहे, पण तो इथे नाही.

मग ‘मानवधर्म’. हा ऐकायला इतका बरा वाटतो की मलाही आधी वाटलं चला, हेच लिहू. नित्ययज्ञाच्या ओवीत तो बऱ्यापैकी बसतोसुद्धा. पण त्याच तिसऱ्या अध्यायात गीतेचा तो प्रसिद्ध श्लोक आहे, श्रेयान् स्वधर्मो विगुणः, आपला धर्म उणा असला तरी परधर्मापेक्षा बरा. तिथे मानवधर्म ठेवा. मानवधर्म परधर्मापेक्षा बरा, म्हणजे? मानवधर्माचा परधर्म कोणता, राक्षसांचा? ‘स्व’ला ‘पर’ची जोड आहे आणि मानवधर्म म्हटलं की दोन्ही उडून जातात. हे वाचल्यावर ती मुलगी थोडी गप्प झाली, मग म्हणाली, म्हणजे काका बरोबर. तिचा चेहरा पडला होता.

काका बरोबर? बराच भाग, हो. अठराव्या अध्यायात गीता चारही वर्णांची कर्मं सांगते आणि ज्ञानदेव ती समजावून सांगतात, तिथे अंगावर झुरळ पडल्यासारखं काही करत नाहीत. ज्यांना वाटतं की संत म्हणजे आपल्यासारखेच लिबरल, फक्त पगडी घातलेले, त्यांनी तो भाग एकदा बसून वाचावा. पण ‘वर्णाचं कर्तव्य’ हा अर्थ उचलून पसायदानात ठेवून बघा. वर्णकर्तव्याच्या सूर्याने कोणी पाहायचं? ‘विश्व’ने. त्याच ओवीच्या शेवटी कोण आहे? ‘प्राणिजात’. आदल्या ओवीत मैत्र कुणाकुणाचं पडावं? ‘भूतां परस्परें’. बैलाला वर्ण नाही, चिमणीला नाही. काकांचा अर्थ तिसऱ्या अध्यायात बसतो, अठराव्याच्या मध्यात बसतो, आणि ज्या ओवीसाठी आपण भांडतोय नेमका तिथे त्याला अंग चोरून बसावं लागतं.

आणि बाकीच्या ग्रंथाकडे पाहिलं तर पेच वाढतो. नवव्या अध्यायात स्वच्छ आहे: म्हणौनि कुळ जाति वर्ण । हें आघवेंचि गा अकारण । आणि अठराव्यातच, पसायदानाच्या आधी, एक जागा आहे जी मला अख्ख्या ग्रंथातली सगळ्यात धीट वाटते.

वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥

वेद श्रीमंत आहे खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, तीनच वर्णांच्या कानाला लागला. पुढे म्हणतात की स्त्रीशूद्रादिकांना त्याने संधीच ठेवली नाही, आणि मग ते मागचं उणं फेडायला वेदच गीता होऊन आला. वेदाला कंजूष म्हणायचं, तेराव्या शतकात, आणि तेही अशा मुलाने ज्याच्या कुटुंबाला, परंपरा सांगते त्याप्रमाणे, संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं होतं. म्हणजे वर्णाची चौकट त्यांनी मोडली का? नाही. तिच्यात त्यांना टोचत होतं का? हो, आणि टोचलेलं त्यांनी लिहून ठेवलंय.

काका म्हणाले, हे तू तुझ्या काळातून वाचतेस. अर्थात. कुठून वाचू? काकांची कल्पना अशी की मी माझं 21वं शतक चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेवीन आणि 1290 मध्ये अनवाणी शिरीन. गाडामर म्हणतो हे जमत नाही, आणि जमलं असं ज्याला वाटतं त्याची चप्पल पायातच असते, फक्त त्याला दिसत नाही. काकांनाही त्यांचं क्षितिज, म्हणजे उभं आहोत तिथून जेवढं दिसतं ते, आहेच. ‘जुना अर्थ एकच आणि कडक असतो’ हा काही तेराव्या शतकाचा विचार नाही, ज्यांच्या वेळेला एकेका श्लोकावर दहा-दहा टीका होत्या त्यांना तो विचित्र वाटला असता. तो छापील पुस्तक आणि परीक्षेच्या काळातल्या मास्तरांचा विचार आहे. हे मी काकांना इतकं स्पष्ट म्हटलं नाही.

मग क्षितिजांचं मीलन म्हणजे काय, जे गाडामर सांगतो? इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. लोकांना वाटतं थोडं त्यांचं थोडं आपलं, अर्धा कप दूध अर्धा कप पाणी. आमच्या अध्यक्षांनी तोच तोडगा काढला होता, ‘स्वकर्तव्यरूप मानवधर्म’ असं लिहा, दोघंही खूष. ही तडजोड आहे, मीलन नाही, आणि याने ओवीतलं काहीच कळत नाही. गाडामर उलट म्हणतो की आधी ते जुनं क्षितिज आपल्यापेक्षा वेगळं आहे हे मुद्दाम, कष्टाने रेखाटावं लागतं. अंतर आधी दिसलं पाहिजे. त्यासाठी त्याची एक युक्ती आहे, मजकूर हे उत्तर समजा आणि तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते शोधा.

तर ओवीचा प्रश्न काय? आधीचा तुकडा आहे अंधार जावो. मग सूर्य. मग ‘पाहो’. प्रश्न आहे, दिसतं कशाने? जगाला दिसावं तर कशाच्या उजेडात? उत्तर, आपापल्या कामाच्या. आमच्या कमिटीचा प्रश्न काय होता? कुणाचं काम कोणतं हे कोण ठरवणार? हा आमचा प्रश्न आहे, शंभर टक्के खरा, आणि तो विचारायचा आम्हाला हक्क आहे. पण ओवी त्याचं उत्तर देत नाही, ना काकांच्या बाजूने ना त्या मुलीच्या. ज्ञानदेवांना ‘स्व’ म्हणजे काय हे बहुतेक ठरलेलंच होतं, आपल्याला ते ठरवावं लागतं. एवढं अंतर मान्य केलं की मग एक गोष्ट दिसते जी मला आधी कधी दिसली नव्हती. मी कर्तव्य म्हणजे हुकूम समजत होते. वरून येतं, पाळायचं किंवा मोडायचं. बँकेत तर तसंच असतं, सर्क्युलर येतं. आणि इथे ते हुकूम नाही, उजेड आहे. रोजचं काम मनापासून करताना माणसाला जग दिसायला लागतं, कुंभाराला माती दिसते तशी, आणि ते काम नसेल तर अंधार. हा विचार माझ्याकडे नव्हता, आणि ज्ञानदेवांकडेही तो अशा शब्दांत नाही, कारण त्यांना हुकूम आणि उजेड असा फरक करायची वेळच आली नसावी. तो दोघांच्या मध्ये तयार झाला. मी ज्याला मीलन म्हणते ते हे. दोन्हीकडे काहीतरी हललं पाहिजे, आणि मुख्य म्हणजे माझ्याकडे.

चुकतंय हे कसं ओळखायचं? मला एक खूण भरवशाची वाटते. जुना मजकूर वाचून झाल्यावर तो सगळाच्या सगळा आपल्याच मताचा निघाला, तर आपण वाचलं नाही, आरशात पाहिलं. ती मुलगी तिथे अडकली होती. आणि तो सगळाच्या सगळा परका निघाला, म्युझियमच्या काचेत ठेवण्यासारखा, आपल्याला त्याचं काही घेणंदेणं नाही, तरी वाचलं नाही, फक्त कॅटलॉग केलं. काकांचा धोका तो होता, त्यांना अर्थ सांगायचा होता पण तो खरा आहे का हे विचारायचं नव्हतं. गाडामर ज्याला पूर्णत्वाचं गृहीतक म्हणतो त्यात दोन गोष्टी आहेत, मजकूर सुसंगत आहे असं धरून चाला आणि तो खरं बोलतोय असंही धरून चाला, अगदी अडकेपर्यंत. दुसरी अट आपण विसरतो.

हे सगळं गाडामरच्या बाजूने झालं, पण त्याची एक फट आहे आणि ती आपल्याकडे जास्तच मोठी होते. हाबरमास या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाने साठच्या दशकाच्या शेवटी त्याला धरलं होतं, की तू परंपरेशी संवाद संवाद म्हणतोस, पण परंपरेत सत्ताही असते, आणि संवाद मुळातच वाकडा असेल तर? ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी नाही. सातशे वर्षं ही ओवी वाचली गेली, पण पोथी कुणाच्या घरात होती, लिहायला कुणाला येत होतं, अर्थ सांगायला पाटावर कोण बसत होतं? परिणामांचा इतिहास म्हणतो आपण, पण त्या इतिहासात ज्यांना बोलूच दिलं नाही त्यांचं वाचन कुठून आणायचं? वारीत अठरापगड लोक ही पोथी डोक्यावर घेऊन चालले, हे खरं, आणि ते मोठंच आहे. तरी त्या मुलीला जो राग आला तो मला अडाणीपणाचा वाटत नाही. काकांना तो राग ‘आजचं फॅड’ वाटला, मला वाटतं तो वाचनाचा भाग आहे, तीही एक ठेचच. फक्त रागाने शब्द बदलू नये. शब्द बदलला की पुढच्या माणसाला ठेच लागायची सोयच उरत नाही, आणि वेदाला कंजूष म्हणणारी ओवी मग कुणी शोधणारच नाही, कारण शोधायचं कारण संपलं.

शब्द न बदलण्याबद्दल आपल्याकडे एक जबरदस्त उदाहरण आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानदेवांनंतर 294 वर्षं. नकला करणाऱ्यांनी शब्द इकडचे तिकडे केले होते, काही जणांनी स्वतःच्या ओव्याही घुसवल्या असणार. नाथांचं स्वतःचं लेखन बघा, भागवतावरची टीका, भारुडं, ते कुणी भिडस्त लेखक नव्हते, आणि त्यांची मराठी ज्ञानदेवांच्या मराठीपेक्षा सोपी होती. ते सरळ सोपं करू शकले असते. त्यांनी उलट ताकीद दिली, ज्ञानेश्वरीच्या पाठात जो स्वतःची मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समजा. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. आणि स्वतःला जे सांगायचं ते वेगळ्या ग्रंथांत सांगितलं. मजा अशी की नाथांनाही वर्तुळ चुकलं नाहीच, कुठला पाठ खरा हे ठरवायला आधी ग्रंथ कळलेला लागतो आणि ग्रंथ कळायला पाठ खरा लागतो. पुढे 1909 मध्ये राजवाड्यांनी एका जुन्या पोथीवरून वेगळीच प्रत छापली आणि वाद परत सुरू झाला. तो व्हायलाच हवा होता.

कमिटीत मी एवढंच मांडलं, मूळ ओवी जशीच्या तशी, खाली अर्थात ‘स्वधर्म’ला एक शब्द द्यायचाच नाही. दोन वाक्यं लिहायची: ज्ञानदेवांच्या काळी याचा अर्थ आपल्या वाट्याला आलेलं कर्तव्य असा होता आणि त्यात वर्णाची कल्पना होती; याच ग्रंथात त्यांनी कुळ, जात, वर्ण अकारण आहेत असंही म्हटलंय, या ओवीत ‘विश्व’ आणि ‘प्राणिजात’ हे शब्द आहेत, तेव्हा वाचणाऱ्याने विचार करावा. अध्यक्ष म्हणाले प्रार्थनेच्या कागदावर असलं कुणी छापतं का. काका म्हणाले ‘वर्णाची कल्पना होती’ हे राहणार असेल तर माझी हरकत नाही. ती मुलगी म्हणाली दुसरं वाक्य राहणार असेल तर माझी नाही. दोघांनी वेगवेगळ्या कारणांनी एकाच मजकुराला हो म्हटलं.

प्रेसवाल्याने पहिल्या प्रूफात ‘आरव’चं ‘आराव’ केलं होतं, ते दुरुस्त केलं. ‘चला’च्या खाली मी ‘चालत्या कल्पवृक्षांच्या बागा’ असं लिहिलं. मुलीने तिच्या वहीत ‘लाहो’च्या पुढे ‘लाओ’ लिहिलं होतं तेही खोडलं, लाहो म्हणजे मिळो, कुणी आणायचं नाहीये. कार्यक्रम झाला, पोहे संपले, पॅम्फ्लेटं बरीचशी खुर्च्यांवरच राहिली.

चार दिवसांनी सुदामानगरच्या एका काकूंचा फोन आला, ऐंशीच्या पुढच्या आहेत. म्हणाल्या, अगं तू ते चालत्या बागा काय लिहिलंयस, लहानपणापासून रोज संध्याकाळी म्हणतेय, आता त्या ओवीशी आले की थांबायला होतं.

मी म्हटलं, सॉरी काकू.

म्हणाल्या, सॉरी नको, त्या तिसऱ्या ओवीचंही ये घरी आणि नीट सांग, मला ते काही पटलेलं नाही.